शिकताना हप्ता नव्हता, व्याज मात्र होतं

पत्र

नमस्कार. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी आम्ही एका सरकारी बँकेतून 8 लाखांचं शिक्षण कर्ज काढलं. चार वर्षं, दर वर्षी 1 ऑगस्टला 2 लाख कॉलेजच्या खात्यात गेले. व्याज 10 टक्के, फेड 10 वर्षांत. मंजुरीच्या वेळी मोबाइलवर हप्ता काढून पाहिला तर 10,572 रुपये आला. तोच आकडा धरून आम्ही चाललो होतो. कोर्स संपून वर्ष झालं, 31 जुलैला मोरॅटोरियम, म्हणजे हप्ता न भरण्याची मुभा, संपला आणि आता बँकेचा मेसेज आलाय : 10 सप्टेंबरला पहिला हप्ता 16,935 रुपये, त्यानंतर दरमहा 14,272. शिकत असताना काही भरायचं नाही असं आम्हाला सांगितलं होतं, मग हे वाढीव पैसे आले कुठून? बँक फसवतेय का? मुलीला हातात 31 हजार पगार मिळतो. धाकटा मुलगा यंदा बारावीला आहे, त्यालाही कर्ज लागणारच आहे.
– एक वडील, कांजूरमार्ग

उत्तर

तुमचं पत्र वाचून कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि दोन्ही आकडे रुपयापर्यंत जुळले. तेव्हा बँक फसवत नाहीये, हे आधी सांगतो. पण तुम्हाला जे सांगायला हवं होतं ते कुणी सांगितलं नाही, ही तुमची तक्रार मात्र रास्त आहे. मी स्वतः मुंबईतल्या एका शाखेत कर्जाच्या टेबलावर बरीच वर्षं बसलोय. मंजुरीच्या दिवशी पालकांना ॲडमिशनची तारीख गाठायची घाई असते आणि टेबलापलीकडच्या माणसाला फाइल पुरी करायची. ‘आत्ता काही भरायचं नाही’ एवढंच वाक्य दोन्ही बाजूंना सोयीचं असतं. त्याच्या पुढचं अर्धं वाक्य राहून जातं : हप्त्याला सुट्टी आहे, व्याजाला नाही.

पहिले 2 लाख ज्या दिवशी कॉलेजच्या खात्यात गेले त्याच दिवशी व्याजाचं मीटर सुरू झालं. 10 टक्क्यांनी 2 लाखांचं व्याज रोजचं साधारण 55 रुपये होतं, महिन्याचं 1,667. दुसऱ्या वर्षी आणखी 2 लाख गेले, मीटर 3,333 वर आलं. तिसऱ्या वर्षी 5,000 आणि चौथ्या वर्षी 6,667. मग परीक्षा संपली, निकाल लागला, मुलगी नोकरी शोधत होती, ते वर्षभरही दरमहा 6,667 रुपये चढतच होते. वर्षाचे आकडे धरले तर 20 हजार, 40 हजार, 60 हजार, 80 हजार आणि शेवटच्या मोरॅटोरियमच्या वर्षाचे पुन्हा 80 हजार. बेरीज 2 लाख 80 हजार.

यात एक गोष्ट मुद्दाम बघा. कॉलेज संपल्यानंतरचं एक वर्ष पहिल्या तीन वर्षांतल्या कुठल्याही वर्षापेक्षा महाग पडलं. त्या वर्षी एक रुपयाही नवीन उचललेला नाही, तरीही. कारण तोवर सगळी रक्कम उचलून झालेली होती आणि व्याज सगळ्या 8 लाखांवर चालू होतं. लोकांना वाटतं मोरॅटोरियमचं वर्ष म्हणजे बँकेने दिलेली सवलत. सवलत आहेच, नोकरी लागेपर्यंत श्वास घ्यायला वेळ मिळतो. पण ती फुकट नाही.

31 जुलैच्या रात्री बँकेने काय केलं, तर साचलेले 2 लाख 80 हजार मुद्दलात मिळवले. कागदोपत्री याला ‘कॅपिटलायझेशन’ म्हणतात. तुमच्या मंजुरीपत्रात, बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या पानावर, ‘अॅक्रूड इंटरेस्ट’ म्हणजे साचलेलं व्याज मुद्दलात मिळवून हप्ता ठरवला जाईल अशा अर्थाची एक ओळ असेलच. त्या रात्रीपासून तुमचं कर्ज 8 लाखांचं राहिलं नाही, 10 लाख 80 हजारांचं झालं. 10 टक्के, 120 हप्ते, या हिशोबाने 10,80,000 चा हप्ता 14,272 येतो. तुम्ही मोबाइलवर काढलेला 10,572 हा आकडाही चुकीचा नव्हता, तो आज 8 लाख उचलून उद्यापासून फेडायला लागणाऱ्या माणसाचा हप्ता होता. त्या चौकोनात कर्जाची रक्कम म्हणून 8 लाख टाकले, तिथेच गल्लत झाली. फेड सुरू होण्याच्या दिवशी जी रक्कम उभी असेल, ती टाकायची असते.

राहिला प्रश्न पहिल्या हप्त्यातल्या जादा 2,663 रुपयांचा. हे आणखी साधं आहे. मोरॅटोरियम 31 जुलैला संपला, पण तुमची हप्त्याची तारीख 10 आहे. 10 सप्टेंबरचा हप्ता 10 ऑगस्ट ते 9 सप्टेंबर या महिन्याचा. मग 1 ते 9 ऑगस्ट या नऊ दिवसांचं काय? ते ना साचलेल्या व्याजात आले, ना हप्त्याच्या महिन्यात. 10,80,000 वर 10 टक्क्यांनी दिवसाचे 295 रुपये 89 पैसे, गुणिले नऊ : 2,663. बँकेत याला ‘ब्रोकन पीरियड इंटरेस्ट’ म्हणतात. ते एकदाच लागतं. ऑक्टोबरपासून ते दिसणार नाही.

पण या जादा रकमेत एक खरा धोका दडलाय, आणि तो तातडीचा आहे. हप्ता खात्यातून आपोआप जावा म्हणून तुम्ही किंवा मुलीने नॅच मँडेटवर सही केली असेल. त्या मँडेटवर एका वेळी जास्तीत जास्त किती रक्कम कापता येईल याची मर्यादा लिहिलेली असते. ती 15,000 असेल तर दर महिन्याचे 14,272 बिनबोभाट जातील, पण पहिले 16,935 जाणार नाहीत. हप्ता परत फिरेल, दंड लागेल आणि मुलीच्या क्रेडिट इतिहासातली पहिलीच नोंद थकबाकीची पडेल. म्हणून या आठवड्यातच मँडेटची रक्कम बघा. कमी असेल तर शाखेत सांगून जादा 2,663 आधीच कर्जखात्यात वेगळे भरा आणि ते कशापोटी भरले हे पावतीवर लिहून घ्या. खात्यात पैसे 9 तारखेलाच ठेवा, 10 ला सकाळी नव्हे.

आता ‘बँक फसवतेय का’ याकडे पुन्हा येतो, कारण तुमचे आकडे जुळले म्हणून सगळ्यांचे जुळतातच असं नाही. हे सदर वाचणाऱ्या इतर पालकांसाठी ही तपासणी थोडी सविस्तर लिहितो. तुम्हीही एकदा करून बघा.

शाखेतून कर्जखात्याचं पहिल्या दिवसापासूनचं स्टेटमेंट मागा. फक्त शेवटच्या सहा महिन्यांचं नको. त्यात पहिल्यांदा बघायचं ते हे की व्याज प्रत्येक टप्प्याच्या तारखेपासून लागलंय ना. मंजुरी 8 लाखांची असली तरी पहिल्या वर्षी उचल 2 लाखांचीच होती, तेव्हा पहिल्या वर्षीचं व्याज 20 हजारांच्या आसपासच असायला हवं. ते खूप जास्त दिसलं तर समजा, काहीतरी चुकलंय.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शिक्षणाच्या आणि मोरॅटोरियमच्या काळात व्याज सरळ लागायचं असतं, चक्रवाढ नाही. इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शिक्षण कर्ज योजनेत तसंच आहे आणि सरकारी बँका साधारण त्याच चौकटीत कर्ज देतात. म्हणजे व्याज साचत जातं, पण साचलेल्या व्याजावर फेड सुरू होईपर्यंत व्याज लागत नाही. हे तपासायला गणित येण्याची गरज नाही. स्टेटमेंटमध्ये ऑगस्ट आणि ऑक्टोबर हे दोन महिने शोधा. दोन्ही 31 दिवसांचे. मधे नवीन उचल नाही आणि दर बदललेला नाही, असं वर्ष घ्या. तुमच्या पहिल्या वर्षी दोन्ही महिन्यांचं व्याज 1,699 रुपये असायला हवं. ऑगस्टमध्ये 1,699 आणि ऑक्टोबरमध्ये 1,727 असं दिसलं, तर व्याजावर व्याज चढतंय. 28 रुपयांचा फरक किरकोळ वाटतो, पण तसंच पाच वर्षं चाललं तर तुमचे 10,80,000 वाढून 11 लाख 40 हजारांच्या वर जातात. तब्बल 60 हजारांचा फरक. तुमचा हप्ता जुळतोय त्याअर्थी तुमच्याकडे सरळव्याजच लागलंय. बिगर-बँकिंग वित्त कंपन्यांकडून कर्ज घेतलेल्यांनी मात्र करार नीट वाचावा, कारण तिथल्या अटी वेगळ्या असू शकतात. काही ठिकाणी शिकतानाच व्याज किंवा व्याजाचा काही भाग दरमहा भरावा लागतो.

आणखी एक. अनेक सरकारी बँका मुलींना व्याजात अर्ध्या टक्क्याची सवलत देतात. तुमच्या मंजुरीपत्रात तशी ओळ असेल आणि तरीही व्याज 10 टक्क्यांनीच लागलेलं असेल, तर पाच वर्षांत 14 हजार जादा साचले. हे विचारायला लाजू नका. आधी शाखेला लेखी पत्र द्या आणि पोचपावती घ्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत.

ज्यांचा दर फ्लोटिंग, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराबरोबर वरखाली होणारा आहे, त्यांचे आकडे या उदाहरणासारखे नेटके जुळणार नाहीत. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या दहा महिन्यांत रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर गेला. त्या काळात ज्यांची मुलं शिकत होती त्यांचं व्याज मंजुरीपत्रातल्या दरापेक्षा वरच्या दराने साचलं, आणि हप्ता नसल्यामुळे घरात कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. हप्ता चालू असलेल्या गृहकर्जदाराला दर वाढल्याचं लगेच कळतं. शिक्षण कर्जवाल्याला ते मोरॅटोरियम संपल्यावर कळतं.

आता पुढे काय करायचं ते बोलू. 31 हजारांतून 14,272 म्हणजे जवळजवळ निम्मा पगार. मुंबईत घर आपलं असलं तरी लोकलचा पास, डबा, घरात थोडा हातभार, हे धरता ओढाताण होणार. शाखेत गेलात तर तुम्हाला मुदत वाढवायचा पर्याय सुचवला जाईल. 10 ऐवजी 15 वर्षं केली तर हप्ता 11,606 वर येतो. महिन्याला 2,666 रुपये सुटतात. पण 10 वर्षांत तुम्ही एकूण सुमारे 17 लाख 13 हजार भराल आणि 15 वर्षांत सुमारे 20 लाख 89 हजार. हा पावणेचार लाखांचा फरक आहे, म्हणून मी पहिल्याच दिवशी मुदत वाढवायला सांगणार नाही. दोन-तीन महिने 14,272 भरून बघा. खरोखरच झेपत नसेल तर हप्ता चुकवण्यापेक्षा मुदत वाढवणं कधीही बरं. आणि ती मागणी हप्ता थकण्याआधी करायची, नंतर नाही.

त्याआधी घरात एक गोष्ट तपासा. तुमच्या किंवा मुलीच्या आईच्या नावावर एखादी मुदत ठेव आहे का? मुलीच्या लग्नासाठी म्हणून बाजूला ठेवलेली ठेव बऱ्याच घरांत असते. समजा 1 लाखाची आहे. ठेवीवर मिळणारं व्याज तुम्ही 10 टक्क्यांनी देत असलेल्या व्याजाहून नक्कीच कमी आहे. तो लाख आत्ताच मुद्दलात भरला आणि हप्ता 14,272 च ठेवायला सांगितलं, तर 120 ऐवजी सुमारे 102 हप्त्यांत कर्ज संपतं. दीड वर्ष आधी. व्याजात दीड लाखाच्या आसपास वाचतात. हाच लाख आठव्या वर्षी भरलात तर वाचतं फारच थोडं, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. तुमच्या पहिल्या 14,272 मधले 9,000 व्याजात जातात, मुद्दल फक्त 5,272 ने कमी होतं. त्या 9,000 पैकी 2,333 तर साचलेल्या 2 लाख 80 हजारांवरचंच व्याज आहे.

भरताना काउंटरवर ‘मुद्दलात जमा करा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा’ असं लेखी द्या. नाहीतर काही वेळा ती रक्कम पुढच्या हप्त्यांचे आगाऊ पैसे म्हणून धरली जाते आणि अपेक्षेइतकं व्याज वाचत नाही. दर फ्लोटिंग असेल तर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचा दंड बँकेला घेता येत नाही. स्थिर दर असेल तर मंजुरीपत्रातली अट वाचा. मात्र घरातली सगळी शिल्लक ओतू नका. तीन-चार हप्त्यांएवढी रक्कम मुलीच्या खात्यात राहू द्या, पहिली नोकरी आहे.

कुणी तुम्हाला इन्कम टॅक्सच्या वजावटीसाठी कर्ज लांबवायला सांगेल. ती वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, प्रत्यक्ष भरलेल्या व्याजावर मिळते आणि व्याज भरायला सुरुवात केल्यापासून 8 वर्षंच मिळते. तुमच्या मुलीच्या पगारावर सध्या करच लागणार नाही, त्यामुळे तिच्यासाठी हा विषय सोडून द्या.

आता धाकट्याबद्दल, कारण खरं तर तुमच्या पत्रातली शेवटची ओळ वाचूनच मी एवढं लांबलचक उत्तर लिहितोय. मुलीच्या बाबतीत जे साचलं ते साचलं. मुलाच्या बाबतीत ते टाळता येईल.

समजा त्यालाही तशाच टप्प्यांत, त्याच दराने 8 लाख मिळाले. हप्ता सुरू व्हायच्या आधीही व्याज दरमहा भरता येतं. बँक मागत नाही म्हणून कुणी भरत नाही, एवढंच. पहिल्या वर्षी महिन्याला 1,667. एवढे पैसे मुंबईत एका मुलाच्या मोबाइल रिचार्जला आणि आठवड्याच्या बाहेरच्या खाण्याला जातात. शिवाय अनेक सरकारी बँका शिक्षणाच्या काळात व्याज नियमित भरणाऱ्याला दरात 1 टक्का सूट देतात. तुमच्या बँकेत ती असेल तर पहिल्या वर्षी दरमहा 1,500 च भरावे लागतील, दुसऱ्या वर्षी 3,000, तिसऱ्या वर्षी 4,500, चौथ्या वर्षी आणि मोरॅटोरियममध्ये 6,000. पाच वर्षांत एकूण 2 लाख 52 हजार. फेड सुरू होईल तेव्हा कर्ज 8 लाखांचंच असेल आणि हप्ता 10,572. म्हणजे मुलीच्या हप्त्यापेक्षा 3,700 कमी. 120 हप्त्यांचे ते 4 लाख 44 हजार होतात. आज 2 लाख 52 हजार आणि उद्या 4 लाख 44 हजार, यातून निवडायचं आहे. ही सूट सहसा व्याज नियमित भरत राहण्यावर अवलंबून असते, म्हणून मंजुरीआधी अट लेखी विचारून घ्या : एखादा महिना चुकला तर सूट कायमची जाते का?

मला माहीत आहे, मुलीचा हप्ता चालू असताना चौथ्या वर्षीचे 6,000 तुम्हाला जड जातील. सगळं जमलंच पाहिजे असं नाही. पहिली दोन वर्षं पूर्ण व्याज भरलंत आणि पुढे जमेल तेवढं भरलंत तरी चालेल. सूट कदाचित मिळणार नाही, पण मोरॅटोरियम संपायच्या आत भरलेला प्रत्येक रुपया मुद्दलात जायचा वाचतो. 31 जुलैच्या आधी भरलेले 10 हजार 10 हजारांचंच काम करतात. तेच मुद्दलात मिळवले गेले आणि 10 वर्षांत फेडले, तर त्यांचे साधारण 15,860 होतात.

तुमच्या घराचं वर्षाचं एकूण उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेची चौकशी अर्ज करतानाच करा. पात्र विद्यार्थ्याचं मोरॅटोरियमपर्यंतचं व्याज सरकार भरतं. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो आणि तो तहसील कार्यालयातून वेळेत मिळवावा लागतो. बारावीचा निकाल लागल्यावर तिथे रांगा असतात, तेव्हा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवा.

आणि मुलाच्या मंजुरीपत्रावर सही करण्याआधी शाखेतल्या अधिकाऱ्याला एकच गोष्ट कागदावर लिहून द्यायला सांगा : ‘काहीही न भरता मोरॅटोरियम संपला, तर त्या दिवशी येणं किती असेल आणि हप्ता किती पडेल?’ दर फ्लोटिंग असेल तर आकडा अंदाजे असेल, हरकत नाही. तो कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा आणि दर वर्षी ऑगस्टमध्ये नवीन टप्पा उचलताना स्टेटमेंटशी ताडून बघा. मुलीचं 16,935 चं गणित सप्टेंबरपर्यंत जुळलं नाही तर स्टेटमेंटची प्रत मला पाठवा, खाते क्रमांक झाकून. मी ओळीओळीने बघीन.